जोत्तोची मेंढी आणि मायकेलअँजेलोचा पगार : कलावंताच्या ‘दैवी प्रतिभे’वर लिहिताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी जोत्तो या इटालियन चित्रकारावर लेख लिहिला होता. सुरुवात अशी : फ्लोरेन्सजवळच्या वेस्पिन्यानो गावात दहा वर्षांचा पोरगा मेंढ्या राखता राखता सपाट दगडावर टोकदार दगडाने मेंढी काढत बसला आहे. वाटेने चाललेला थोर चित्रकार चिमाबुए थबकतो, चकित होतो आणि बापाची परवानगी घेऊन पोराला शिकायला घेऊन जातो. लेख छापून आला, कौतुकही झालं. त्यातली चूक पुढे माझी मलाच सापडली. आता विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना तीच चूक दर वर्षी दिसते, सोबत तिच्या दोनतीन बहिणीही असतात.

पहिली चूक : मेंढीची गोष्ट चरित्र म्हणून सांगणे

ही गोष्ट आपल्याला मिळते ती बहुतेक सोळाव्या शतकातल्या जॉर्जो वाझारी या चित्रकार-लेखकाच्या कलावंतांच्या चरित्रग्रंथातून. त्याची पहिली आवृत्ती 1550 ची, दुसरी वाढवलेली 1568 ची. जोत्तो वारला 1337 मध्ये, म्हणजे मध्ये दोनशेहून जास्त वर्षं गेली. वाझारीच्या आधी शंभरेक वर्षं शिल्पकार गिबेर्तीने आपल्या टिपणांत हीच गोष्ट लिहिली होती. पण तेव्हाही जोत्तोला जाऊन शतक उलटलं होतं.

त्याहून मागे गेलं तर काय सापडतं? इटालियन कवी दान्तेच्या काव्यात एक उल्लेख आहे : चित्रकलेचं मैदान आपलंच, असं चिमाबुएला वाटत होतं, आता बोलबाला जोत्तोचा आहे. बस्स, एवढंच. मुद्दा कीर्ती कशी टिकत नाही हा. दोघं गुरु-शिष्य होते, असं दान्ते कुठेही म्हणत नाही. पण या ओळींवर टीका लिहिणाऱ्यांना खुलासा हवा होता. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या एका अनामिक टीकाकाराने तो दिला, तो असा : बापाने जोत्तोला लोकरीच्या धंद्यात उमेदवारीला लावलं होतं, पोरगा कामावर जाताना चिमाबुएच्या कारखान्यात रेंगाळायचा, शेवटी बापाने हार मानली. यात ना डोंगर, ना मेंढी. मेंढीची फक्त लोकर आहे. हे रूप अधिक खरं वाटतं, म्हणून ते खरंच असेल असंही नाही. पण एकाच माणसाच्या बालपणाच्या दोन न जुळणाऱ्या गोष्टी फिरत होत्या, एवढं त्यावरून कळतं.

आता वाझारीचाच ग्रंथ थोडा पुढे चाळा. आंद्रेआ सान्सोविनो : गुरं राखताना वाळूत चित्रं काढणारा पोरगा, एका थोर नागरिकाच्या नजरेस पडतो. बेक्काफुमी : मेंढ्या राखणारा पोरगा, जमिनीवर चित्रं काढतो, जमीनमालक त्याला उचलतो. कास्तान्यो : गुरं राखणारा पोरगा, भिंतींवर आणि दगडांवर रेघोट्या मारतो, मेदिची घराण्यातला एक जण त्याला हेरतो. इतके गुराखी एकाच पद्धतीने सापडू लागले, की तो साचा आहे हे ओळखावं. पोवाड्यात किंवा संतचरित्रात ठरलेले प्रसंग पुन्हा पुन्हा येतात तेव्हा आपले कान टवकारतातच ना, तसंच हे.

साचा आला कुठून? रोमन लेखक प्लिनीकडे लिसिप्पस या ग्रीक शिल्पकाराची हकिकत आहे : त्याला कुणी गुरु नव्हता, तो मुळात साधा तांबट होता. युपोम्पस या चित्रकाराने गर्दीकडे बोट दाखवून, अनुकरण करायचं ते निसर्गाचं, कुठल्या कलावंताचं नव्हे, असं म्हटलं आणि त्यातून लिसिप्पसला धीर आला. प्रबोधनकाळातल्या लेखकांनी प्लिनी बारकाईने वाचलेला होता. आपल्या शहराच्या चित्रकाराला ग्रीकांच्या पंक्तीत बसवायचं, तर तसंच बालपण द्यायला हवं. शिवाय गोष्टीतला पोरगा कुणाचं चित्र पाहून चित्र काढत नाही, समोरची जिवंत मेंढी पाहून काढतो. जोत्तोने चित्रकला पुन्हा निसर्गाकडे वळवली हा वाझारीचा दावा आहे, आणि मेंढी हा त्या दाव्याचा दृष्टान्त.

दुरुस्ती सोपी आहे. ‘जोत्तो लहानपणी मेंढ्या राखत असे’ हे वाक्य खोडा. त्याजागी ‘गिबेर्ती आणि वाझारी त्याला मेंढपाळ पोर म्हणून दाखवतात’ असं लिहा. माझ्या त्या लेखात एवढा बदल पुरला असता.

दुसरी चूक : ‘इंजेन्यो’ दिसला की ‘जीनियस’ लिहिणे

इटालियन लेखकांचा शब्द ‘इंजेन्यो’, लॅटिन ‘इंजेनियम’. अर्थ उपजत बुद्धी, कल्पकता, सुचण्याची ताकद. लॅटिन ‘जीनियस’ हा वेगळा शब्द : माणसाची पाठराखण करणारं दैवत. ‘तो जीनियस आहे’, म्हणजे माणूस हाच जीनियस, ही बोली बरीच नंतरची. पंधराव्या शतकात माणसाजवळ इंजेन्यो असतो, माणूस स्वतः इंजेन्यो नसतो. भाषांतर करताना हा ‘माणूस आहे’ आणि ‘माणसाजवळ असतो’ यांतला फरक सांभाळला, की निम्मे घोळ मिटतात.

मराठीत ‘प्रतिभा’ हा शब्द चालतो, उलट बराच जवळचा आहे. आपल्या काव्यशास्त्रात प्रतिभेशेजारी व्युत्पत्ती, म्हणजे बहुश्रुतपणा, आणि अभ्यास बसलेले असतात. तिकडेही इंजेनियमची जोडी ‘आर्स’शी लावत, म्हणजे शिकून कमावलेल्या कसबाशी. ही जोडी फोडून एकटी प्रतिभा उचलली, की लेख घसरला.

सुरुवातीला ही स्तुती कशाची होई, तेही पाहण्यासारखं आहे. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलवरचा घुमट उभारणारा ब्रुनेलेस्की 1446 मध्ये वारला. तिथल्या त्याच्या स्मृतिलेखात ‘दैवी इंजेनियम’ हे शब्द आहेत. ते आलेत त्याने शोधून काढलेल्या यंत्रांसाठी. अवजड दगड-लाकूड उंचावर चढवणाऱ्या त्याच्या याऱ्या त्या काळी नवलाच्या होत्या. दैवी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे समाधी लागलेला कलावंत उभा राहतो. या दगडावरच्या ‘दैवी’शेजारी मात्र यंत्रं आहेत.

त्याआधी, 1380 च्या सुमारास, इतिहासकार फिलिप्पो विलानीने फ्लोरेन्सच्या नामवंत नागरिकांत चित्रकारांना बसवलं. त्याचं समर्थन मोठं चतुर आहे : विद्वानांना त्यांच्या शास्त्राचे नियम पुस्तकांतून मिळतात, चित्रकाराला मात्र सगळं आपल्या उच्च इंजेनियममधून आणि पक्क्या स्मरणशक्तीतून काढावं लागतं. चित्रकाराकडे ग्रंथविद्या नाही, ही खरं तर कमीपणाची बाजू. विलानीने तिचंच भूषण केलं. चेन्नीनो चेन्नीनी हा कारखान्यात वाढलेला चित्रकार. त्याने 1400 च्या आसपास लिहिलेल्या पुस्तकात शिक्षणाचा हिशेब वेगळाच आहे : वर्षभर नुसतं रेखाटन, सहा वर्षं रंग खलणं, सरस शिजवणं, फळ्यांना गेसोचा पांढरा लेप देणं, मग आणखी सहा वर्षं रंगकाम. एकूण तेरा. दोघंही एकाच काळातले आणि एकाच कलेबद्दल बोलणारे, पण एक लेखणीवाला आणि दुसरा कुंचलेवाला. प्रतिभेच्या गोष्टी जास्त करून लेखणीवाल्यांनी वाढवल्या, हे ध्यानात ठेवा.

तिसरी चूक, आणि सगळ्यांत महागडी : ‘मायकेलअँजेलो कुणाकडे शिकलाच नाही’

हे वाक्य हवेतून आलेलं नाही. 1550 च्या आवृत्तीत वाझारीने मायकेलअँजेलोला जणू देवाने खास धाडलेला आत्मा म्हणून रंगवलं, पण पोरपणी तो चित्रकार दोमेनिको गिर्लांदायोकडे शिकला हेही सांगितलं. तीनच वर्षांनी, 1553 मध्ये, मायकेलअँजेलोचा शिष्य कोन्दिवी याचं चरित्र आलं. त्यात मायकेलअँजेलोचा स्वतःचा आवाज ऐकू येतो. घराणं कानोस्साच्या सरदारांचं, गिर्लांदायो मत्सरी आणि त्याच्याकडून काडीची मदत झाली नाही, असा एकूण सूर.

वाझारीला हे झोंबलं. 1568 च्या आवृत्तीत त्याने कोन्दिवीचं नाव न घेता उत्तर दिलं आणि पुरावा म्हणून गिर्लांदायोच्या वारसांकडच्या वहीतली नोंद जशीच्या तशी छापली. तारीख 1 एप्रिल 1488. वडील लोदोविको लिहितात की मुलगा मायकेलअँजेलो याला दोमेनिको आणि त्याचा भाऊ दावीद यांच्याकडे तीन वर्षांसाठी ठेवत आहे. मुलाने चित्रकाम शिकावं, सांगतील ते करावं. मोबदला पहिल्या वर्षी 6 फ्लोरिन, दुसऱ्या वर्षी 8, तिसऱ्या वर्षी 10, एकूण 24. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता.

या नोंदीतून दोन गोष्टी निघतात. एक, ‘स्वयंभू’ प्रतिमा ही मायकेलअँजेलोच्या म्हातारपणाची कमाई आहे. 1548 च्या एका पत्रात तो पुतण्याला बजावतो, की त्या पाद्र्याला सांग, पत्रावर ‘शिल्पकार मायकेलअँजेलो’ असा पत्ता घालू नकोस. दुकान मांडून बसणारा चित्रकार किंवा शिल्पकार मी कधीच नव्हतो. ही कुळाची काळजी आहे. फ्लोरेन्समध्ये चित्रकार वैद्य आणि औषधविक्यांच्या संघात मोडत, दगडाचं काम करणारे गवंडी-सुतारांच्या. सरदार घराण्याच्या मुलाला तिथलं उमेदवारीचं कलम नको होतं, आणि देवाने दिलेल्या देणगीला उमेदवारी लागत नाही. दुसरी गोष्ट : वाझारीचं कुठलंही वाक्य उचलताना आवृत्तीचं साल लिहा. 1550 चा वाझारी आणि 1568 चा वाझारी एकच गोष्ट सांगतोय असं धरून चालू नका. मधल्या काळात त्याला कोन्दिवीशी भांडायचं होतं. शिवाय 1563 मध्ये फ्लोरेन्समध्ये कलावंतांची अकादमी निघाली होती आणि तिच्यात त्याचा मोठा हात होता.

इथे काही विद्यार्थी उलट्या बाजूला कोसळतात : म्हणजे सगळी थापच. तसंही नाही. पगाराच्या नोंदीवरून मुलाला देणगी नव्हती हे सिद्ध होत नाही, उलट शिकाऊ पोराला वर पैसे मिळतात याचा अर्थ तो कामाचा असावा. नोंद इतकंच सांगते की त्याच्या शिक्षणाला जागा होती, तारीख होती आणि रक्कम होती.

वाझारीलाही ही दुसरी बाजू ठाऊक होती. मरण्याआधी मायकेलअँजेलोने आपली पुष्कळ रेखाटनं आणि कच्चे आराखडे जाळून टाकले, असं तो लिहितो. कारण, आपण किती खपलो आणि आपला इंजेन्यो कसकसा पारखून पाहिला हे कुणी बघू नये, आपण परिपूर्णच दिसावं. मग वाझारी सांगतो की मायकेलअँजेलोच्या हातची काही रेखाटनं मला फ्लोरेन्समध्ये मिळाली आहेत, माझ्या संग्रहाच्या वहीत चिकटवली आहेत. त्यांत त्या इंजेन्योची थोरवी दिसतेच. पण देवराज ज्युपिटरच्या डोक्यातून विद्यादेवी मिनर्व्हा बाहेर काढायची, तर त्यालाही लोहारदेव व्हल्कनचा घण लागत होता.