‘भाग ७’ असं कोणी शोधत नाही

माझं छोटं यूट्यूब चॅनेल घरच्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीबद्दल आहे. त्यातल्या सातव्या व्हिडिओला मी शीर्षक दिलं होतं, ‘शिलाई मशीन मालिका | भाग ७ | महत्त्वाची माहिती’. शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता का होतो, हे त्यात दाखवलं होतं. काम नीट केलं होतं, चित्रीकरणही स्वच्छ होतं. पण सर्चमधून त्या व्हिडिओवर जवळपास कोणीच येत नव्हतं. नवीन चॅनेल सुरू करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून तो एकच व्हिडिओ मी कसा सुधारला ते सविस्तर सांगते.

आधी मी यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओचं अॅनालिटिक्स उघडलं. प्रेक्षक कुठून येतात ते तिथे दिसतं. त्या यादीतल्या YouTube search वर क्लिक केलं की लोकांनी टाइप केलेले शब्द समोर येतात. माझ्याकडे आलेले थोडेसे शब्द होते ‘शिलाई मशीन’, ‘मशीन रिपेअर’ असे. इतक्या मोठ्या शब्दांवर छोट्या चॅनेलचा व्हिडिओ वर येणं अवघड असतं, कारण तिथे आधीच खूप व्हिडिओ असतात. शिवाय तसं शोधणाऱ्याला नेमकं काय हवंय तेही कळत नाही. गुंत्याबद्दलचा एकही शब्द यादीत नव्हता, आणि असणार तरी कुठून? माझ्या शीर्षकात तो शब्दच नव्हता.

मग मशीनसमोर बसलेल्या माणसाच्या जागी बसून विचार केला. गुंता झालाय, शिवण अर्धी राहिली आहे, हातात मोबाइल आहे. हा माणूस काय टाइप करेल? आपल्या जुन्या शोधांचा परिणाम होऊ नये म्हणून खासगी विंडो उघडली आणि सर्चच्या चौकटीत ‘शिलाई मशीन दोरा’ इतकंच लिहून थांबले. खाली ज्या सूचना येतात त्या लोक खरोखर शोधतात त्यावरूनच आलेल्या असतात. तेच रोमन लिपीतही करून पाहिलं, कारण बरेच जण मराठी रोमनमध्येच टाइप करतात: shilai machine, silai machine, दोन्ही. किती लोक शोधतात ते या सूचनांवरून कळत नाही, पण लोकांची भाषा कळते. प्रत्येक सूचना उघडून पहिले चार-पाच निकालही पाहिले. तिथे माझ्या नेमक्या प्रश्नाचं चांगलं उत्तर आधीच असेल तर तो शब्द सोडून त्याहून नेमका शब्द घ्यायचा.

त्यातून नवीन शीर्षक आलं: ‘शिलाई मशीनमध्ये कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो? वरचा दोरा असा ओवा’. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण मोबाइलवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते. म्हणून तक्रार आधी आणि उपाय नंतर. चॅनेलचं नाव, मालिकेचं नाव, भाग क्रमांक हे सगळं काढलं. मालिकेचा क्रम दाखवायला प्लेलिस्ट आहे. आणखी एक गोष्ट मी मुद्दाम तपासली: शीर्षकात दिलेलं वचन व्हिडिओ पाळतो का? गुंता खाली दिसतो, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. कापड दाबून धरणारा प्रेसर फूट खाली असताना दोरा ओवला तर तो दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही, सैल राहतो आणि खाली साठतो. हे मी व्हिडिओत तिसऱ्या मिनिटाला सांगत होते. आधीची ओळख छाटून ते पहिल्या मिनिटात आणलं. स्टुडिओच्या एडिटरमध्ये प्रकाशित व्हिडिओतला भाग असा कापता येतो.

मग वर्णन. पाच हजार अक्षरांची जागा मिळते, पण उघडण्यापूर्वी दिसतात त्या पहिल्या दोन-तीन ओळीच. माझ्या पहिल्या ओळीत ‘नमस्कार, आपल्या चॅनेलवर स्वागत आहे’ होतं आणि खाली दहा लिंका. आता पहिल्या ओळी अशा आहेत: ‘शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोरा गोळा होत असेल, तर वरचा दोरा प्रेसर फूट वर उचलून पुन्हा ओवा. तरीही गुंता होत असेल तर बॉबिन कशी तपासायची ते पुढे दाखवलं आहे.’ उत्तर आधीच दिलं तर व्हिडिओ कोण पाहणार, अशी मला भीती होती. पण दोरा ओवणं वाचून जमत नाही, हात बघावा लागतो. त्याखाली प्रकरणांच्या, म्हणजे व्हिडिओतल्या टप्प्यांच्या, वेळा दिल्या:

0:00 गुंता कसा दिसतो
0:40 वरचा दोरा पुन्हा ओवणे
2:15 बॉबिन आणि बॉबिन केस
4:05 सुई बदलणे

पहिली वेळ 0:00 असावी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने असाव्यात आणि प्रत्येक प्रकरण निदान दहा सेकंदांचं असावं, नाहीतर प्रकरणं तयार होत नाहीत. प्रकरणांची नावंही लोकांच्या शब्दांत असू द्या.

शब्दांची रास वर्णनात ओतू नका. टॅगची यादी वर्णनात चिकटवणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. टॅगचा सर्चमधला वाटा तसाही फार लहान आहे. ते चुकीच्या किंवा वेगवेगळ्या स्पेलिंगसाठी बरे. silai आणि shilai मी तिथेच टाकले.

पिन केलेल्या कमेंटबद्दल नवख्यांचा मोठा गैरसमज असतो. तिच्यात शब्द कोंबले म्हणून व्हिडिओ सर्चमध्ये वर येतो, असं मी कधी पाहिलं नाही. सर्चसाठी यूट्यूब शीर्षक, वर्णन, टॅग आणि व्हिडिओतला मजकूर शोधाशी किती जुळतो ते पाहतं, शिवाय लोक तो व्हिडिओ किती पाहतात तेही. कमेंटचं काम वेगळं आहे. माझ्या व्हिडिओत एक चूक होती. सुई नेहमी डावीकडून ओवायची असं मी म्हणून गेले होते, ते सगळ्या मशीनना लागू नाही. आवाज बदलता येत नव्हता, म्हणून पिन कमेंटमध्ये दुरुस्ती लिहिली: ‘सुई ओवण्याची दिशा तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत पाहा.’ आणि खाली एक प्रश्न विचारला: ‘तुमचा गुंता पहिल्याच टाक्यांत होतो की शिवता शिवता मध्येच?’

‘कसा वाटला व्हिडिओ’ या प्रश्नाला ‘छान’ असं उत्तर येतं. या प्रश्नाला लोकांनी स्वतःची अडचण स्वतःच्या शब्दांत लिहिली. एका ताईंनी लिहिलं, ‘सुरुवातीलाच खालून जाळं होतं.’ जाळं हा शब्द मला सुचलाच नव्हता. मी तो वर्णनाच्या दुसऱ्या परिच्छेदात एका सरळ वाक्यात घातला.

हे सगळं मी एकाच दिवशी केलं नाही. आधी शीर्षक बदललं, वहीत जुनं शीर्षक आणि तारीख लिहिली, दोन आठवडे थांबले, मग वर्णन. एकदम सगळं बदललं तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. बघायचं ते असं: सर्चमध्ये व्हिडिओ दिसतच नसेल तर शब्द चुकलेत. दिसतोय पण क्लिक होत नसेल तर शीर्षक किंवा थंबनेल चुकलंय. क्लिक होऊनही लोक पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून जात असतील तर शीर्षकात सांगितलं एक आणि व्हिडिओत दाखवलं दुसरं.

काही आठवड्यांनी शोधशब्दांच्या यादीत ‘कापडाखाली दोरा गुंता’ आला, नंतर ‘जाळं’ही आलं. कमेंटमध्ये बहुतेकांचा गुंता पहिल्याच टाक्यांत होत होता. त्यावर उपाय वेगळा आहे: शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची. म्हणून पुढच्या व्हिडिओचं शीर्षक ठेवलं, ‘शिवायला सुरुवात करतानाच खाली जाळं होतं? दोऱ्याची टोकं अशी धरा’, आणि त्याची लिंक आधीच्या व्हिडिओखाली नव्या पिन कमेंटमध्ये, त्या दुरुस्तीच्या ओळीखाली दिली.