शुगर तपासताना तीच सुई पुन्हा? या चुका टाळा

शुगर तपासायला बोट टोचतो त्या पेनमधली सुई कधी बदललीत, असं विचारलं की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं: "चालतेय की अजून." या सुईचं, म्हणजे लॅन्सेटचं, टोक अतिशय धारदार असतं आणि त्यावर बहुधा सिलिकॉनचा बारीक थर असतो, म्हणून ते त्वचेत अलगद शिरतं. पहिल्याच टोचण्यात हा थर झिजतो, धारही कमी होऊ लागते. पुढच्या खेपेला त्वचा नीट कापली न जाता ओरबाडली जाते, आणि म्हणूनच जास्त दुखतं.

ओळखीचे एक काका एकच सुई महिनाभर वापरत होते. तक्रार मात्र मशीनची, सारखं एरर दाखवतं म्हणून. पेन बघितला तर सुई किती खोल जाते त्याचा आकडा 5 वर. आधी तो 2 वर असायचा, पण थेंब येईना म्हणून ते वाढवत गेले. बोटांच्या कडा राठ झालेल्या, आणि एवढं टोचूनही थेंब मोहरीएवढा येईना, मग बोट जोरजोरात पिळायचं. पिळलं की रक्तात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा चुकू शकतो. रक्त कमी पडलं तर मशीनमध्ये घालायची पट्टी वाया जाते ती वेगळीच. सुई साधारण 2 रुपयांची, पट्टी 15-20 रुपयांची. काकांची बचत अशी रोज कचऱ्यात जात होती.

मी त्यांना कोमट पाण्याने हात धुऊन नीट पुसायला लावले. नवी सुई घातली, आकडा 2 वर आणला, हात थोडा वेळ खाली सोडायला सांगितला आणि अनामिकेच्या टोकाला, पण मधोमध नाही, कडेला टोचलं. न पिळता थेंब आला. मशीन ठणठणीत होतं.

"स्पिरिटने पुसतो ना!" हे ऐकून मला खरंच राग येतो. पुसल्याने सुई निर्जंतुक होत नाही, उलट टोकावरचा थर आणखी जातो. ज्योतीवर धरणं, उकळणं हेही करू नका. पाकिटावर वर्तुळातल्या 2 वर तिरकी रेघ असते, ती पुन्हा वापरू नका हेच सांगते.

स्वतःचीच सुई पुन्हा वापरणाऱ्या प्रत्येकाला जंतुसंसर्ग होतो असं नाही. पण शुगर वाढलेली असताना जखम उशिरा भरते, आणि वापरलेल्या टोकावर रक्त आणि त्वचेवरचे जंतू राहिलेले असतात. टोचलेली जागा लाल झाली, सुजली, ठणकायला लागली किंवा पू दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

नवरा-बायकोत एक सुई तर कधीच नाही, पेनही वेगळा ठेवा. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस टिकतो.

माझी सवय सांगते: आकडा वहीत लिहायच्या आधी सुई काढून झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात टाकायची. ती पेनमध्ये राहिली की उद्या तीच वापरली जाते.