बंद रस्त्यांतून जवळच्या वाटा मोजताना या चुका टाळा

चौकटीसारख्या आखलेल्या रस्त्यांवर नैऋत्येच्या कोपऱ्यातून ईशान्येच्या कोपऱ्यात जायचं आहे. पूर्वेकडे ४ तुकडे, उत्तरेकडे ३. एकही रस्ता बंद नसेल तर ७ तुकड्यांच्या एकूण ३५ वाटा होतात, कारण ७ पावलांपैकी उत्तरेची ३ कोणती एवढंच ठरवायचं असतं. रस्ते बंद झाले की हे सूत्र थेट चालत नाही, मग प्रत्येक चौकावर बेरीज लिहीत जावं लागतं.

चौकाला (पूर्वेकडे किती, उत्तरेकडे किती) असं नाव देऊ. समजा (१,१) ते (२,१) हा आडवा तुकडा आणि (३,२) ते (३,३) हा उभा तुकडा बंद आहे. नियम एकच: चौकाचा आकडा म्हणजे डावीकडच्या चौकाचा आकडा अधिक खालच्या चौकाचा आकडा, पण मधला तुकडा चालू असेल तरच. खालची ओळ दक्षिणेची धरली तर तक्ता असा भरतो:

```
१  ४  ८  ८  १७
१  ३  ४  ६  ९
१  २  १  २  ३
१  १  १  १  १
```

उत्तर १७.

सगळ्यात जास्त चुकतं ते (२,१) या चौकात. डावीकडचा तुकडा बंद दिसला की अनेक जण तिथे थेट ० लिहितात. पण बंद आहे तो तुकडा, चौक नव्हे. खालून येणारी १ वाट तशीच शाबूत आहे, म्हणून तिथे १ हवा. चौकच बंद असेल, तरच शून्य. इथे ० लिहून पुढे गेलात तर शेवटी १३ येतात.

आता काही जण पडताळा म्हणून वजाबाकी करतात. पहिल्या बंद तुकड्यावरून २ × ६ = १२ वाटा जातात, दुसऱ्यावरून १० × १ = १०. मग ३५ − १२ − १० = १३. दोन्ही रीतींनी १३ आले, म्हणजे बरोबरच असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात दोन वेगळ्या चुका योगायोगाने एकाच आकड्यावर आल्या आहेत. वजाबाकीतली चूक अशी, की दोन्ही बंद तुकड्यांवरून जाणाऱ्या २ × २ × १ = ४ वाटा दोनदा वजा झाल्या. त्या परत मिळवल्या की १७ येतात. म्हणून नुसता शेवटचा आकडा जुळवून पाहू नका.

खालची ओळ आणि डावा स्तंभ डोळे झाकून १ने भरणं ही दुसरी खोड. (२,०) ते (३,०) हा तुकडाही बंद झाला, तर (३,०) आणि (४,०) दोन्हीकडे ० येतो, कारण कडेच्या ओळीत खालून येणारं कुणी नाही. उत्तर मग १७ऐवजी १४.

शेवटी ० आला तर काय समजायचं? ७ तुकड्यांची एकही वाट उरली नाही, एवढंच. वाटच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. निघण्याच्या चौकातून पूर्वेचा आणि उत्तरेचा तुकडा बंद असेल, पण पश्चिमेकडे रस्ता असेल, तर वळसा घेऊन जाता येतं. पश्चिमेकडचं प्रत्येक पाऊल पूर्वेकडच्या एका जादा पावलाने भरून काढावं लागतं, म्हणून सगळ्यात छोटी वाट आता किमान ९ तुकड्यांची. अशा वेळी आधी निघण्याच्या चौकापासून प्रत्येक चौकाचं कमीत कमी अंतर काढा, आणि मग मधला तुकडा चालू असलेल्या ज्या शेजाऱ्याचं अंतर बरोबर १ने कमी आहे त्याच्याचकडून आकडा घ्या.

चूक नेमकी कुठे झाली हे शोधायला उलटा तक्ता भरा: प्रत्येक चौकातून शेवटापर्यंत किती वाटा जातात. बेरीज आता उजव्या आणि वरच्या चौकाची.

```
१   १   १  १  १
४   ३   २  १  १
७   ३   ४  २  १
१७  १०  ७  ३  १
```

निघण्याच्या चौकात १७ आले. ७ तुकड्यांची प्रत्येक वाट तिसऱ्या पावलानंतर (०,३), (१,२), (२,१), (३,०) यांपैकी एकाच चौकात असते. त्या चौकांचे दोन्ही तक्त्यांतले आकडे गुणून मिळवा: १×१ + ३×३ + १×४ + १×३ = १७. अशा प्रत्येक तिरप्या रांगेची बेरीज १७च यायला हवी.

(२,१)वर चुकून ० लिहिला असता, तर दुसऱ्या पावलाच्या रांगेत १×४ + २×३ + १×७ = १७ आले असते, पण तिसऱ्या रांगेत १ + ९ + ० + ३ = १३. म्हणजे चूक तिसऱ्या रांगेतल्या कुठल्यातरी चौकात आहे, तेवढे ४ चौक तपासले की पुरे. मात्र उलटा तक्ता भरतानाही तुकड्याऐवजी (२,१) हा चौकच बंद धरलात, तर सगळ्या रांगा १३ दाखवतील आणि काहीच पकडलं जाणार नाही. म्हणून बंद तुकड्यांची यादी दोन टोकांसह आधी कागदावर लिहा, आणि दोन्ही तक्ते त्या यादीकडे बघून भरा, चित्राकडे बघून नव्हे.