निवृत्तीचा हिशेब धाकट्या जोडीदाराच्या वयावर मांडा

निवृत्तीसाठी किती रक्कम लागेल हे काढताना बहुतेक जण मोठ्या जोडीदाराचं वय धरतात. तिथेच हिशेब चुकतो.

समजा, नवरा 50 चा, बायको 45 ची, आणि नवरा 60 व्या वर्षी निवृत्त होणार. घरखर्च आज महिन्याला 50 हजार, म्हणजे वर्षाला 6 लाख. महागाई 6 टक्के धरली तर 10 वर्षांनी हाच खर्च साधारण 10.75 लाख होतो. निवृत्तीनंतर पैशावर कर वजा जाता 7 टक्के मिळतील असं धरू. पण खर्चही दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढतोच, त्यामुळे खरी वाढ जेमतेम 0.94 टक्के उरते. (1.07 ला 1.06 ने भागून पाहा.)

नवऱ्याच्या 85 व्या वर्षापर्यंतची, म्हणजे 25 वर्षांची सोय करायची तर सुमारे 2.4 कोटी लागतात. पण तेव्हा बायको फक्त 80 ची असेल! ती 92 वर्षं जगेल असं धरलं तर 37 वर्षांची तरतूद हवी आणि आकडा जातो 3.37 कोटींवर.

एकट्या माणसाचा खर्च निम्मा होत नाही. घर, वीज, दुरुस्ती तशीच राहते. शेवटच्या 12 वर्षांसाठी 70 टक्के खर्च धरला तरी 3.08 कोटी लागतात. आजारपणाची रक्कम मात्र यात मिसळू नका, ती वेगळीच ठेवा. दर दोन-तीन वर्षांनी प्रत्यक्ष खर्च घालून हा हिशेब पुन्हा करा.