महिन्याची बेरीज प्लसमध्ये, पण १० तारखेला खातं मायनसमध्ये

आमचं रबाळे एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. पुढच्या महिन्याचं प्लॅनिंग नुसत्या बेरजेवर केलं की सगळं छान दिसतं, म्हणून मी आता स्प्रेडशीटमध्ये रोजचा बॅलन्स काढतो.

कॉलम A मध्ये नाव, B मध्ये ड्यू डेट, C मध्ये रक्कम, येणं प्लस आणि देणं मायनस. D मध्ये ती पार्टी सहसा किती दिवस उशीर करते ते, जुनी बिलं आणि बँक स्टेटमेंट बघून. E म्हणजे B+D. H1 मध्ये ओपनिंग बॅलन्स, G मध्ये रोजच्या तारखा, आणि H2 पासून खाली:

```
=$H$1+SUMIFS(C:C,E:E,"<="&G2)
```

आता बघा, ओपनिंग १,८०,०००, ५ तारखेला येणं २,४०,०००, मग ७ ला पगार १,५०,०००, १० ला पत्रावाल्याचे ९०,०००, २० ला जीएसटी ६०,०००, ड्यू डेटने धरलं तर कुठेच अडत नाही. पण ती पार्टी १२ दिवस लेट देते, म्हणजे पैसे १७ ला, आणि १० तारखेला बॅलन्स थेट मायनस ६०,०००! महिनाअखेर मात्र दोन्हीकडे १,२०,०००च. पत्रावाल्या काकांना आधीच फोन करून १८ तारीख मागितली, ते हो म्हणाले, आता सगळ्यात कमी बॅलन्स ३०,०००.

एक मात्र बघाच, मागच्या महिन्याचं थकलेलं बिल असेल आणि E मधली तारीख उलटून गेली असेल तर शीट ते पैसे १ तारखेलाच आले असं धरते, तिथे पार्टीला विचारून नवी तारीख हाताने टाका.