कॉपी चालू असताना हबवरची हार्डडिस्क गायब होते?

लॅपटॉपच्या यूएसबी हबला लावलेली पोर्टेबल हार्डडिस्क मध्येच टक् करून बंद पडते, तेव्हा बहुतेकदा डिस्क ठणठणीत असते, वीज कमी पडते. लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट बाहेर साधारण 7.5 ते 15 वॉटच देतो, आणि त्यातच एचडीएमआय, लॅन, माउस, फिरणारी डिस्क सगळे वाटेकरी. म्हणून पीडी इनपुट, म्हणजे चार्जरची वीज आत घेणारा पोर्ट, असलेलाच हब घ्या आणि चार्जर त्यात लावा. 65 वॉटच्या चार्जरमधले 10-15 वॉट हब स्वतःसाठी राखतो, हे धरून चाला. कॉपी चालू असताना मात्र चार्जर काढू नका; त्या क्षणी बरेच हब सगळी जोडणी तोडून पुन्हा जोडतात. हब कोमट लागला तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, तर डिस्क थेट लॅपटॉपला लावा.