थॅलेसेमियाच्या वहीत या चुका टाळा: ‘एक पिशवी’, वजनाविना आकडे आणि ‘गोळी चालू’

पेडणे, डिचोली किंवा सत्तरीहून मुलाला रक्त लावायला बांबोळीला येणाऱ्या आईवडिलांकडे एक वही हमखास असते. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाचा सगळा हिशेब त्यात असतो: रक्त कधी लावलं, हिमोग्लोबिन किती आलं, लोह कमी करण्याची गोळी कोणती. पालकांसोबत बसून अशा वह्या भरून घेण्याचं काम मी करते. बऱ्याच वह्यांत तारखा चोख असतात, पण ज्या आकड्यावरून डॉक्टरांना पुढचं ठरवायचं असतं तोच नसतो.

‘एक पिशवी लावली’ एवढंच लिहिणं

डिचोली तालुक्यातल्या सात वर्षांच्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला दर 21 दिवसांनी एक पिशवी लागायची. वर्षाच्या सुरुवातीला रक्त लावण्याआधीचं हिमोग्लोबिन 9.6 असायचं. मग ते हळूहळू उतरत 8.7 वर आलं. हा आकडा साधारण 9.5 ते 10.5 च्या दरम्यान राहावा असं धरलं जातं. आईच्या पोटात गोळा आला. तिने कुठेतरी ऐकलं होतं की प्लीहा, म्हणजे पाणथरी, वाढली की ती चढवलेलं रक्तही खाऊन टाकते. “ताई, आता ऑपरेशन करून काढायला सांगतील काय हो?” तिने विचारलं.

वहीत प्रत्येक तारखेपुढे ‘1 पिशवी’ लिहिलेलं होतं. रक्त किती मिली होतं आणि मुलाचं वजन किती होतं, याचा पत्ता नव्हता. केसपेपरवरून दोन्ही शोधले. पिशवी सुमारे 270 मिलीची होती. वर्षाच्या सुरुवातीला मुलाचं वजन 18 किलो होतं, आता 22 झालं होतं.

270 भागिले 18 म्हणजे किलोमागे 15 मिली. तीच पिशवी 22 किलोला दिली तर किलोमागे जेमतेम 12 मिली. मूल वाढलं, रक्त मात्र तेवढंच राहिलं. हिमोग्लोबिन उतरायला एवढं कारण पुरेसं होतं.

पाणथरीची शंकाही वहीवरूनच तपासता येते. वर्षात 17 वेळा 270 मिली म्हणजे 4,590 मिली. त्या पिशव्यांत लाल पेशींचं प्रमाण साधारण 60 टक्के होतं, म्हणजे शुद्ध लाल पेशी सुमारे 2,750 मिली. 22 किलोने भागल्यावर आले 125. वर्षाला किलोमागे 200 मिलीच्या वर शुद्ध लाल पेशी लागू लागल्या की डॉक्टर पाणथरीकडे संशयाने बघतात. इथे आकडा त्याच्या बराच खाली होता. डॉक्टरांनी पोट तपासून पाणथरी पाहिली, रक्ताचं प्रमाण नव्या वजनाप्रमाणे वाढवलं आणि ऑपरेशनचा विषय तिथेच संपला.

म्हणून ‘पिशवी’ लिहू नका. पिशव्या लहानमोठ्या असतात. किती मिली गेलं ते नर्सला विचारून लिहा, पिशवीचा नंबर उतरवून घ्या आणि त्या दिवशीचं वजन शेजारी टाका. वजन शक्यतो दर वेळी त्याच काट्यावर करा.

हिमोग्लोबिन आधीचं की नंतरचं, हे न लिहिणं

त्याच मुलाच्या वहीत मध्येच एके ठिकाणी 12.1 होतं. वरखाली सगळे नवाच्या आसपास आणि मधेच बारा! तो आकडा रक्त लावल्यानंतरचा होता. असे आकडे एकाच रकान्यात गेले की मूल किती टिकाव धरतंय ते कळत नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने आखा. ‘आधी’चा दर वेळी भरा, ‘नंतर’चा, तपासणी झाली तरच.

दोन्ही असतील तर रक्त किती वेगाने उतरतंय तेही कळतं. रक्त लावल्यावर 12.1 आणि 21 दिवसांनी 8.7, म्हणजे आठवड्याला साधारण 1.1 ची उतरण. पाणथरी शाबूत असलेल्या मुलात दीडपर्यंत उतरण चालते. त्याहून जोरात उतरत असेल, किंवा रक्त लावून पाचदहा दिवसांत डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, मूल मलूल पडलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. परक्या रक्ताविरुद्ध शरीरात अँटिबॉडी तयार झाल्याची ती खूण असू शकते.

ठरलेली तारीख आणि प्रत्यक्ष तारीख, दोन्ही लिहा. चवथीच्या दिवसांत रक्त मिळायला वेळ लागला आणि 21 चे 28 दिवस झाले, तर 8.2 आलेलं हिमोग्लोबिन बिघाडाचं नसतं, उशिराचं असतं. तारीख लिहिलेली नसेल तर हा फरक कुणाला सांगता येणार?

‘गोळी चालू’

या दोन शब्दांनी फार नुकसान होतं. 270 मिलीच्या त्या पिशवीतून सुमारे 175 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. गोळीच ते काढते.

फेरिटिन, म्हणजे शरीरात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्ततपासणीचा आकडा, वाढलेलं दिसलं की डॉक्टरांसमोर दोन शक्यता असतात: डोस कमी पडतोय किंवा गोळ्या चुकताहेत. वहीत ‘चालू’ असेल तर ते डोस वाढवणार. मग घरी गोळ्या नियमित सुरू झाल्या की वाढलेला डोस मुलाच्या मूत्रपिंडावर आणि यकृतावर पडू शकतो. रोज रात्री एक खूण करा: दिली तर टिक, चुकली तर फुली. फुल्या लपवू नका. मूल ओकलं, मामाच्या घरी गोळी विसरली, चव आवडत नाही, हे कारणासकट लिहा. त्यावर इलाज असतो.

इथेही वजन आडवं येतं. लोह काढणारं 500 मिलिग्रॅम डिफेरासिरॉक्स 18 किलोला किलोमागे 28 मिलिग्रॅम पडतं, 22 किलोला 23 सुद्धा पडत नाही. डोस कोणत्या वजनावर ठरवला ते गोळीच्या नावापुढे लिहून ठेवा.

शिवाय ही गोळी दोन प्रकारची मिळते: पाण्यात विरघळवून द्यायची आणि गिळायची. विरघळणाऱ्या 500 च्या जागी गिळायची साधारण 360 ची लागते. दुकानातून दुसऱ्या प्रकारची आली तर आकडा तोच ठेवून देऊ नका. डॉक्टरांना विचारून वहीत प्रकार आणि आकडा दोन्ही बदला.

डिफेरिप्रोन ही लोह काढणारी दुसरी गोळी चालू असेल तर पहिल्या पानावर ठळक लिहा: ताप आला तर गोळी लगेच बंद करून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी. या औषधाने त्या पेशी अचानक घटू शकतात, आणि तेव्हाचा साधा ताप साधा राहत नाही.

फेरिटिनचा एकच आकडा धरून बसणं

फेरिटिन तापात आणि जंतुसंसर्गात वाढतं. पावसाळ्यात मूल तापाने पडलेलं असताना 2,400 आलं म्हणून घाबरू नका आणि बरं असताना 1,400 आलं म्हणून गोळी सैल सोडू नका. दर तीन महिन्यांचे आकडे एकाखाली एक लिहा आणि तेव्हा मूल आजारी होतं का तेही टिपा.

वहीच्या आतल्या पानावर रक्तगट, आरएच आणि केल या उपगटांचा सविस्तर तपशील, सापडलेली अँटिबॉडी आणि आधी आलेली रिअॅक्शन एकत्र असू द्या. हा सविस्तर गट पहिलं रक्त लावण्याआधी तपासलेला असेल तर तो कागद तिथेच चिकटवा. नंतर दात्याच्या पेशी मिसळल्यावर साध्या पद्धतीने तो खात्रीने काढता येत नाही. दुसऱ्या इस्पितळात रक्त लावायची वेळ आली तर रक्तपेढीला आधी हे पान दाखवा.